कॉफीसाठी पाणी निवडताना: मिनरल वॉटर, उकळलेले नळाचे पाणी आणि आरओ

घरी बिनदुधाची कॉफी करायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा ‘कॉफी सपक लागते’ अशी असते, आणि तो दोष तो पावडरीला, दळणाला किंवा स्वतःच्या हाताला देतो. माझेही तसेच झाले होते. सांगलीत घरच्या आरओ यंत्राच्या पाण्यावर मी जवळजवळ वर्षभर कॉफी करत होतो. चिकमगळूरची चांगली भाजलेली अरेबिका आणून, प्रमाणे मोजून, वेळ लावूनही कपात काहीतरी कमी पडत असे. त्याच पाकिटातली उरलेली कॉफी एकदा साताऱ्याला बहिणीकडे नेली आणि तिच्याकडच्या नळाच्या उकळलेल्या पाण्यात केली, तेव्हा पहिल्याच घोटात लक्षात आले की कॉफी तीच असली तरी कपात तिचे अंग निराळे आहे. पुढे मी सांगलीत चार-पाच प्रकारची पाणी मोजून आणि चाखून पाहिली. त्यातून जी पद्धत हाती लागली ती येथे क्रमाने देत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. सपक कॉफी दोन प्रकारची असते, दोन्हींची कारणे परस्परविरुद्ध असतात आणि म्हणून उपायही परस्परविरुद्ध असतात. पाण्यात क्षार फार कमी असले की कॉफी पोकळ लागते, तर पाण्यात एका विशिष्ट प्रकारचे क्षार फार जास्त असले की ती मातट, खडू विरघळल्यासारखी लागते. दोघींना आपण ‘सपक’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे एकीचे औषध दुसरीला दिले जाते आणि कॉफी अधिकच बिघडते.

पाण्यातल्या दोन गोष्टी

कॉफीच्या दृष्टीने पाण्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे कठीणपणा, ज्याला आपल्याकडे पाण्याचा जडपणा म्हणतात. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्यामुळे येतो. बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, हे ज्या घरात माहीत आहे त्या घराला कठीणपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे क्षारता, म्हणजेच पाण्यातले बायकार्बोनेट. हे बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते. पोटात जळजळ झाली की आपण खाण्याचा सोडा घेतो तेव्हा जे घडते, तेच फार सौम्य प्रमाणात कॉफीच्या कपात घडते. कॉफीची तरतरीत चव तिच्यातल्या फळासारख्या आम्लांवर अवलंबून असते आणि बायकार्बोनेट ती आम्ले मारून टाकते.

जमिनीतून आलेल्या पाण्यात या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र येतात, कारण जमिनीतल्या चुन्याचा अंश विरघळताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट बरोबरच पाण्यात उतरतात. तरीही मोजताना त्या वेगळ्या मोजाव्या लागतात.

कॉफी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलेल्या जुन्या प्रमाणानुसार कॉफीच्या पाण्यात लिटरमागे एकूण विरघळलेले क्षार १५० मिलिग्रॅमच्या आसपास, कठीणपणा सुमारे ६८ मिलिग्रॅम आणि क्षारता सुमारे ४० मिलिग्रॅम असावी. हे आकडे घट्ट धरून बसू नयेत, परंतु कठीणपणा ५० ते ८० आणि क्षारता ४० ते ५० यांच्या दरम्यान राहिली तर मध्यम भाजलेली कॉफी चांगली उतरते, हा माझाही अनुभव आहे.

फार मृदू पाण्यात कॉफी पोकळ का लागते

याची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळून कपात येतात.

पहिले कारण नुसत्या पाण्याचेच आहे. आपली जीभ कायम लाळेत भिजलेली असते आणि लाळेत क्षार असतात. त्या पातळीपेक्षा फारच कमी क्षारांचे पाणी तोंडात आले की ते जिभेला रिकामे वाटते. बॅटरीत घालायच्या पाण्यासारखे जवळजवळ निःक्षार पाणी म्हणूनच ‘चव नसलेले’ लागत नाही, तर चव काढून घेतल्यासारखे लागते. ही रिकामी पार्श्वभूमी कॉफीखालीही तशीच राहते.

दुसरे कारण कॉफीतली द्रव्ये पाण्यात उतरण्याचे आहे. कॅल्शियम आणि विशेषतः मॅग्नेशियम यांचे विद्युतभारित कण कॉफीतल्या काही चवदार द्रव्यांना धरून ठेवू शकतात. इंग्लंडमधील काही संशोधकांनी २०१४ साली सैद्धांतिक गणिताने असे दाखवले की मॅग्नेशियमची ही पकड इतरांपेक्षा मजबूत असते. पाणी मृदू असले म्हणून कॉफी अजिबात उतरत नाही असे नव्हे, रंग तर व्यवस्थित येतो. फरक पडतो तो कोणती द्रव्ये किती प्रमाणात उतरतात यात, आणि तो फरक घोटाच्या मध्यभागी जाणवतो.

तिसरे कारण नवख्या माणसाला सर्वांत जास्त गोंधळात टाकते. फार मृदू पाण्यात बायकार्बोनेटही जवळजवळ नसते, त्यामुळे कॉफीतल्या आम्लांना आवर घालणारे काहीच उरत नाही. म्हणजे अशी कॉफी एकाच वेळी आंबटही असते आणि सपकही असते. सुरुवातीला जिभेच्या टोकाला एक तीक्ष्ण, लिंबाच्या सालीसारखी धार लागते, तिच्यामागे भरीव असे काही येत नाही आणि घोट गिळला की चव तिथेच संपते. वरणात चिंच पडली आहे पण मीठ घालायचे राहिले आहे, अशा वेळी जी अपुरी चव लागते ती आठवली तर हे नेमके लक्षात येईल.

उकळलेले पाणी ‘मेलेले’ असते, त्यातला प्राणवायू निघून गेल्यामुळे ते सपक लागते, असे जे सांगितले जाते ते कॉफीच्या बाबतीत फारसे लागू पडत नाही. कॉफीसाठी पाणी उकळीच्या जवळ न्यावेच लागते आणि त्या तापमानाला कोणत्याही पाण्यात प्राणवायू फारसा उरत नाही. उकळण्याचा खरा परिणाम क्षारांवर होतो आणि तो पुढे येईलच.

पायरी पहिली: आपले पाणी मोजणे

बहुतेक घरांत आरओ बसवणारा माणूस टीडीएस मीटर दाखवून जातो. हे लहानसे मीटर ऑनलाइन सहज मिळते आणि ते घ्यावे, परंतु त्याची मर्यादा ओळखून घ्यावे. ते पाण्यातून वीज किती वाहते हे मोजते आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज ppm मध्ये दाखवते. ते क्षार कॅल्शियमचे आहेत, मिठाचे आहेत की सोड्याचे, हे त्याला कळत नाही. याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे अपार्टमेंटच्या टाकीला जोडलेला सॉफ्टनर. त्या यंत्रात कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडले जाते, म्हणून मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो, कठीणपणा मात्र जवळजवळ शून्यावर येतो आणि क्षारता जिथल्या तिथे राहते. कॉफीसाठी हे पाणी सर्वांत वाईट, कारण त्यात दोन्ही दोष एकत्र येतात.

म्हणून मीटरबरोबर थेंबांचे एक किट घ्यावे. मासे पाळणारे लोक वापरतात ते जीएच आणि केएच या नावांचे दोन बाटल्यांचे किट ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. जीएच म्हणजे एकूण कठीणपणा आणि केएच म्हणजे क्षारता. किटसोबतच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यावे, जीएचच्या बाटलीतला एक थेंब टाकावा, बूच लावून हलवावे, रंग पाहावा आणि मग पुढचा थेंब टाकावा. नेहमीच्या किटमध्ये नारिंगी किंवा तांबूस रंग हिरवा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. केएचसाठी नवे पाणी घेऊन निळा रंग पिवळा होईपर्यंत मोजायचे. एक थेंब म्हणजे एक अंश आणि एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. रंग बदलतो तो शेवटच्या एका थेंबाला, एकदम. त्यामुळे नळी पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावी आणि थेंब टाकताना घाई करू नये.

थेंबांच्या भाषेत सांगायचे तर आपल्याला जीएच ३ ते ४ आणि केएच २ ते ३ हवा आहे. येथून पुढे मी थेंबांतच बोलेन, कारण स्वयंपाकघरात तेच सोपे पडते.

पायरी दुसरी: प्रत्येक पाण्याकडे नीट पाहणे

आपण ज्याला सरसकट ‘मिनरल वॉटर’ म्हणतो ते बहुतेक वेळा मिनरल वॉटर नसते. बाटलीवर किंवा वीस लिटरच्या जारवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे लिहिलेले असेल, तर ते कारखान्यात शुद्ध केलेले पाणी आहे आणि ते बहुधा आरओचेच असते. कधी त्यात थोडे क्षार परत मिसळलेले असतात, कधी नाममात्र. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ ही निराळी गोष्ट आहे. ते झऱ्यातून किंवा भूगर्भातून येते आणि त्यातले मूळ क्षार कायम ठेवलेले असतात. भारतीय मानकेही दोघांना वेगळी आहेत: पहिल्याला आयएस १४५४३ आणि दुसऱ्याला आयएस १३४२८.

खऱ्या मिनरल वॉटरच्या लेबलवर क्षारांचे आकडे दिलेले असतात आणि त्यांवरून किटशिवायही हिशेब करता येतो. कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला ४.१ ने गुणून बेरीज केली की कठीणपणा मिळतो, तर बायकार्बोनेटच्या आकड्याला ०.८२ ने गुणले की क्षारता मिळते. समजा, लेबलवर कॅल्शियम ३०, मॅग्नेशियम ८ आणि बायकार्बोनेट १५० असे लिहिले आहे. कठीणपणा ७५ अधिक सुमारे ३३, म्हणजे १०८ झाला आणि क्षारता १२३ झाली. कठीणपणा थोडा जास्त असला तरी चालला असता, पण क्षारता आपल्या गरजेच्या अडीचपट आहे. या महाग पाण्यात केलेली कॉफी जाड लागेल, कडवटही लागेल आणि तिच्यातला ताजेपणा हरवलेला असेल. किंमत पाहून कॉफीसाठी पाणी निवडू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते याचसाठी.

प्युरिफायर हा शब्दही तसाच फसवा आहे. ज्या यंत्रात फक्त कार्बनची नळी आणि यूव्हीचा दिवा आहे, ते क्लोरीनचा वास काढते आणि जंतू मारते, परंतु क्षारांना हात लावत नाही. म्हणून त्यातून आलेले पाणी चवीच्या दृष्टीने नळाचेच पाणी असते. आरओची जाळी मात्र बहुतेक सगळे क्षार बाहेर टाकते. काही आरओ यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की जाळीतून न गेलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळते. सर्व्हिसिंगसाठी येणारा माणूस तो आपल्या मताप्रमाणे फिरवून जातो, त्यामुळे एकाच घरातल्या कॉफीची चव सर्व्हिसिंगनंतर अचानक बदलू शकते. तसे झाले तर प्रथम मीटर लावून पाहावे.

नळाच्या पाण्याविषयी मी माझ्या घरापुरतेच सांगतो. सांगलीला महापालिकेचे पाणी कृष्णेचे येते. उन्हाळ्यात नदी आटत आली की त्यातले क्षार वाढतात आणि पावसाळ्यात पूर चढला की ते पातळ होतात. त्याच दिवसांत पाणी निर्जंतुक करण्यासाठी घातलेल्या टीसीएल पावडरीचा वासही वाढतो. बोअरचे पाणी ही वेगळीच गोष्ट आहे. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुधा कठीण असते आणि जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या दुष्काळी पट्ट्यात तर ते पुष्कळदा मचूळ, खारट लागते. असे पाणी कॉफीच्या पातेल्यात थेट घेऊ नये.

पायरी तिसरी: नळाचे पाणी उकळणे आणि निवळणे

नळाचे पाणी उकळण्याचे तीन परिणाम होतात. जंतू मरतात, साध्या क्लोरीनचा वास उडून जातो आणि क्षारांचा एक भाग तळाशी बसतो. तिसऱ्या परिणामाकडे आपले लक्ष नसते, वास्तविक चव बदलते ती त्याच्यामुळे. उष्णतेने बायकार्बोनेट फुटते, त्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने भांड्याला चिकटते. किटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो तो हाच.

पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्यावे, खळखळ उकळी आली की दहा मिनिटे उकळू द्यावे आणि झाकण किंचित तिरके ठेवावे, म्हणजे वायूला बाहेर जायला वाट राहील. नंतर पूर्ण झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी पातेले न हलवता वरचे पाणी हळूच ओतून घ्यावे आणि तळातले दोन बोटे पाणी टाकून द्यावे. गरम असतानाच ओतले तर बारीक पांढरे कण पाण्याबरोबर येतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

माझ्या घरच्या नळाच्या पाण्याचा मे महिन्यातला जीएच ९ आणि केएच ८ होता. उकळून निवळल्यावर तो अनुक्रमे ६ आणि ५ झाला. दोन्ही आकडे सारख्याच तीन थेंबांनी उतरले आहेत हे लक्षात घ्यावे, कारण कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जोडीनेच बाहेर पडतात. तीन थेंब म्हणजे लिटरमागे सुमारे ५४ मिलिग्रॅम चुनखडी तळाला बसली. एक आकडा पुष्कळ उतरला आणि दुसरा तसाच राहिला, असे कोणाला दिसले तर मोजण्यात चूक झाली आहे असे समजून पुन्हा मोजावे.

उकळण्याची मर्यादाही येथेच सांगायला हवी. जो कठीणपणा बायकार्बोनेटबरोबर आलेला नसतो, तो कितीही उकळले तरी जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे तो थोडा वाढतो. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड हेही उकळल्याने जात नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे बोअरचेच पाणी आहे आणि जे ते पिण्यासाठी आरओमधून काढतात, त्यांनी चवीसाठी बोअरचे पाणी उकळून मिसळू नये. त्यांच्यासाठीचा मार्ग शेवटी दिला आहे.

पायरी चौथी: कप शेजारी ठेवून चाखणे

बहीण आणि भाची सुट्टीला सांगलीला आल्या होत्या, तेव्हा आम्ही पाच पाणी एकदम तपासली. घरचे आरओचे पाणी घेतले, ज्याचे मीटरवर २२ आले आणि जीएच, केएच दोन्हींचा रंग पहिल्याच थेंबाला बदलला. त्याच्या शेजारी वर हिशेब केला तशा लेबलचे मिनरल वॉटर, कार्बनच्या गाळणीतून काढलेले पण न उकळलेले नळाचे पाणी, उकळून निवळलेले नळाचे पाणी आणि पाचवे म्हणजे उकळलेले व आरओचे निम्मे-निम्मे मिश्रण. पाचव्याचे गणित सोपे आहे: आरओचे आकडे जवळजवळ शून्य धरले तर ६ आणि ५ यांचे निम्मे, म्हणजे जीएच ३ आणि केएच अडीच.

प्रत्येक कपात १२ ग्रॅम कॉफी घेतली. दळण जाड रव्याएवढे ठेवले आणि सर्व कपांसाठी एकाच वेळी दळून घेतले. प्रत्येकात २०० मिलिलिटर गरम पाणी ओतले. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, म्हणून उकळी थांबल्यावर फार वाट पाहू नये, अर्धा मिनिट पुरे. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने मोडला, फेस काढून टाकला आणि आणखी सात-आठ मिनिटे थांबून चाखायला सुरुवात केली. कपांच्या बुडाला चिकटपट्टीवर खुणा केल्या होत्या आणि भाचीने कपांच्या जागा बदलल्या, म्हणजे आम्हा चाखणाऱ्यांना कोणते पाणी कुठे आहे हे कळू नये. नवख्या माणसाने ही काळजी जरूर घ्यावी, कारण पाणी माहीत असले की जीभ आपल्याला हवे तेच सांगते.

भाचीला कॉफीचे शब्द ठाऊक नव्हते, पण तिसऱ्या जागेवरचा कप चाखून ती म्हणाली, “मामा, ह्याची चव तोंडात गेली की लगेच संपते. आधी आंबट लागतं आणि मग काहीच नाही.” तो आरओचा कप होता. मी दिलेल्या लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा हे वाक्य अधिक नेमके आहे.

न उकळलेल्या नळाच्या पाण्याचा कप जड होता, रंगाने जास्त काळपट होता आणि त्यात आंबटपणाचा मागमूस नव्हता. गिळल्यावर जिभेवर ओल्या खडूसारखा लेप राहिला. मिनरल वॉटरचा कप त्याच जातीचा, फक्त थोडा स्वच्छ लागला. उकळलेल्या पाण्याचा कप या दोघांपेक्षा बराच उघडा, तरी शेवटी किंचित मातट होता. निम्म्या मिश्रणाचा कप तिघांनीही वेगळा काढला. त्यात आंबटपणा होता पण तो संत्र्यासारखा गोडसर होता आणि घोट गिळल्यानंतरही चव काही वेळ रेंगाळत राहिली. कप कोमट झाल्यावर हा फरक कमी होण्याऐवजी वाढला, त्यामुळे एकदा गरम आणि एकदा कोमट असे दोनदा चाखावे.

सपकपणा कोणत्या जातीचा आहे हे किट नसतानाही ओळखण्याची एक युक्ती आहे. कपातली दोन चमचे कॉफी वाटीत घेऊन तिच्यात लिंबाच्या रसाचा एकच छोटा थेंब टाकावा. कॉफी एकदम जागी झाली, गोडसर लागू लागली, तर पाण्यात क्षारता जास्त आहे आणि ती कमी करायला हवी. ती नुसतीच आंबट झाली आणि बाकी पोकळच राहिली, तर पाण्यात क्षार कमी आहेत आणि ते वाढवायला हवेत. हा उपाय कॉफी सुधारण्यासाठी नाही, केवळ निदानासाठी आहे.

पायरी पाचवी: आपले मिश्रण ठरवणे

ज्यांच्याकडे पिण्यायोग्य नळाचे पाणी आणि आरओ दोन्ही आहेत, त्यांच्यासाठी मिश्रण हाच सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. उकळून निवळलेल्या पाण्याचा केएच मोजावा आणि तो अडीचच्या आसपास येईल इतके आरओचे पाणी त्यात मिसळावे. केएच ५ असेल तर निम्मे-निम्मे, साडेसात असेल तर एक भाग उकळलेले आणि दोन भाग आरओचे. जीएच बहुधा आपोआपच जागेवर येतो. दोहोंत मेळ बसत नसेल तर केएचला महत्त्व द्यावे, कारण जास्त क्षारतेने जेवढी कॉफी मरते तेवढी थोड्या कमी-अधिक कठीणपणाने बिघडत नाही.

ज्यांच्याकडे फक्त आरओचे किंवा जारचे पाणी आहे त्यांनी क्षार बाहेरून घालावेत. यासाठी दोन पदार्थ लागतात: खाण्याचा सोडा आणि एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट. एप्सम सॉल्ट पाय शेकायचे किंवा झाडांना घालायचे नसावे, पाकिटावर खाण्यायोग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेलेच घ्यावे. एका बाटलीत ५०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवावे, दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच पाण्यात अडीच ग्रॅम सोडा विरघळवावा. दोन्ही एकाच बाटलीत करू नयेत, कारण दाट द्रावणात ते एकमेकांशी मिळून साका बसू शकतो. कॉफीच्या एक लिटर पाण्यात दोन्हींतले प्रत्येकी १५ मिलिलिटर घातले की कठीणपणा सुमारे ६० आणि क्षारता सुमारे ४५ मिलिग्रॅम होते, म्हणजे वरच्या मिश्रणाच्या अगदी जवळ. वजनासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा, चमच्याच्या अंदाजाने हे करू नये. द्रावणे फ्रिजमध्ये ठेवावीत आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा मिठाचे पथ्य असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हा मार्ग धरावा.

चहाचे काय, असा प्रश्न येतोच. दुधाच्या चहात पाण्याचा हा फरक जवळजवळ झाकला जातो, कारण दुधात स्वतःचेच भरपूर कॅल्शियम असते आणि आम्ल झेलणारी द्रव्येही असतात. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यापुढे पाण्यातले क्षार किरकोळ ठरतात. म्हणूनच आपल्या घरांत वर्षानुवर्षे कोणत्याही पाण्याचा चहा गोड मानून घेतला गेला. कोरा चहा मात्र कॉफीपेक्षाही मृदू पाणी मागतो. न उकळलेल्या कठीण पाण्यात त्याच्यावर तवंग येतो, रंग गढूळ होतो आणि सुवास दबतो. कोऱ्या चहासाठी मी एक भाग उकळलेले आणि तीन भाग आरओचे पाणी घेतो.

एकदा ठरवलेले प्रमाण वर्षभर चालत नाही, हे नदीकाठच्या गावाने विशेष लक्षात ठेवावे. माझ्याकडे जुलैमध्ये त्याच नळाचा जीएच ५ आणि केएच ४ आला, आणि उकळल्यावर दोन्ही जेमतेम एकेका थेंबानेच उतरले, कारण मुळात बसण्यासारखी चुनखडीच त्यात फारशी नव्हती. तेव्हा मे महिन्याचे निम्मे-निम्मे प्रमाण तसेच ठेवल्यामुळे दोन दिवस कॉफी पुन्हा पोकळ झाली होती. आता पावसाळ्यात मी तीन भाग उकळलेले आणि एक भाग आरओचे घेतो, दर दोन महिन्यांनी थेंब मोजतो आणि पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख, जीएच, केएच आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवतो.